कॅशलेस नाकारल्यावर नातेवाइकांना द्यायचं पत्र : मसुदा सुधारून हवा आहे

सायंतारा
मी एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात बिलिंगला आहे. आमच्याकडे एक गृहस्थ, वय ६१, न्यूमोनियासाठी सहा दिवस दाखल होते. दोन दिवस आयसीयू, मग वॉर्ड. दाखल झाल्यावर विमा कंपनीने ६०,००० ची प्राथमिक मंजुरी दिली. आज दुपारी दोनला आम्ही फायनल बिल आणि डिस्चार्ज समरी पाठवली आणि चारला उत्तर आलं की कॅशलेस नामंजूर, आधीची मंजुरीही रद्द. कारण दिलंय की दम्याचा जुना आजार पॉलिसी घेताना सांगितलेला नाही.

मुलाला खाली बोलावून तोंडी सांगितलं तर तो गडबडून गेला. "साठ हजार मंजूर झाल्याचा मेसेज माझ्या फोनवर आहे," हे तो तीनदा म्हणाला. मॅनेजर म्हणाले, लेखी द्या. आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेला हा नमुना आहे :

> महोदय, आपणांस कळविण्यात येते की, सदर रुग्णाचा क्लेम अटी व शर्तींनुसार नामंजूर करण्यात आलेला असून एकूण देय रक्कम रु. १,८६,४००/- मधून अनामत वजा जाता रु. १,६६,४००/- इतका भरणा तात्काळ करण्यात यावा, अन्यथा डिस्चार्जची प्रक्रिया पूर्ण करता येणार नाही. याबाबत रुग्णालय जबाबदार राहणार नाही. सहकार्याची अपेक्षा.

हे त्या मुलाच्या हातात द्यायला माझा हात धजत नाही. पत्र साडेसहापर्यंत द्यायचं आहे. काय बदलू?

पाणंद
ताई, धीर धरा. वडिलांची तब्येत महत्त्वाची. असं पत्र मिळालं की लगेच पैसे भरू नका. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा, तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आमच्या शेजाऱ्यांनी तसंच केलं होतं.

सायंतारा
पाणंद, रुग्ण माझे वडील नाहीत. मी पत्र देणाऱ्या बाजूला आहे. पण तुम्ही सांगितलेलं त्या मुलाच्या उपयोगाचं आहे, नोंद घेतली.

कोरा_कागद
मी मुद्रितशोधन करतो, विम्यातलं मला कळत नाही. वाचक म्हणून सांगतो. "नामंजूर करण्यात आलेला असून" यात करणारा कोण, तेच दिसत नाही. मी मुलगा असतो तर समजलो असतो की रुग्णालयानेच नामंजूर केला. "देय" हा शब्दही घोटाळ्याचा आहे. इथे दोनच ओळींत तो आधी एकूण बिलाला लागतो आणि मग भरायच्या रकमेला. "विमा कंपनीने नाकारली" आणि "तुम्हाला भरायची रक्कम" असं सरळ लिहा. शेवटच्या दोन वाक्यांत आधी धमकी, मग हात झटकणं आणि लगेच सहकार्य मागणं आहे. ही तिन्ही एका कागदावर शोभत नाहीत.

रानवारा
मुळात हे पत्र देण्याची वेळच यायला नको. विमा नियामक आयआरडीएआयचा मे २०२४ चा नियम आहे, एका तासात उत्तर दिलं नाही तर कॅशलेस मंजूर धरायचं. आणि एकदा मंजुरी दिली की कंपनीला ती मागे घेता येत नाही. रुग्णालयाने कंपनीकडूनच पैसे घ्यावेत, नातेवाइकांकडून कसले मागता?

डॉ_उंबरठा
मी अकरा वर्षं एका टीपीएत, म्हणजे विमा कंपन्यांसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, कॅशलेसच्या आगाऊ मंजुरीच्या विनंत्या तपासायचो, आता निवृत्त आहे.

रानवारा, अर्धं बरोबर आहे. २०२४ च्या परिपत्रकात दाखल होतानाच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायला सांगितलंय. पण वेळ उलटली की आपोआप मंजुरी, असं त्यात नाही. डिस्चार्जच्या वेळी तीन तासांच्या वर उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा खर्च लावला, तर तो कंपनीने सोसायचा, एवढंच आहे. इथे दोनला पाठवलं, चारला उत्तर आलं. वेळेचा मुद्दा उभाच राहत नाही. प्राथमिक मंजुरीही तेव्हा हातात असलेल्या कागदांवर दिलेली असते, तिच्या पत्रात तसं लिहिलेलं असतं. ती मागे घेतली जाते. ते योग्य की अयोग्य, हा वाद कंपनी आणि विमेदार यांच्यातला.

आता सायंतारा यांच्या मसुद्यातली सगळ्यात मोठी चूक. "क्लेम नामंजूर" असं लिहू नका. नाकारली आहे ती कॅशलेस सुविधा. पैसे भरून मूळ कागदांसह रिइम्बर्समेंटचा क्लेम टाकायचा मार्ग अजून मोकळा आहे. तुमच्या पत्रात "क्लेम नामंजूर" वाचलं की कुटुंब समजतं, संपलं सगळं. मग ते क्लेम टाकतच नाहीत आणि मुदत निघून जाते. माझ्या डोळ्यांदेखत अशी किती तरी कुटुंबं हक्काच्या पैशाला मुकली आहेत.

पण उलट टोकालाही जाऊ नका. "आपल्याला रिइम्बर्समेंट मिळेल" असंही लिहायचं नाही. जुना आजार लपवल्याचं कारण असेल तर तो क्लेमही त्याच कारणाने अडू शकतो. "करता येतो" इतकंच लिहा.

आणि "अन्यथा डिस्चार्ज नाही" हे आजच्या आज काढा. मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत स्पष्ट आहे, बिलाच्या वादावरून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. वसुलीचे दुसरे मार्ग आहेत. हे वाक्य लेखी देणं म्हणजे स्वतःच्या विरुद्ध पुरावा तयार करणं.

एक विचारतो. १,८६,४०० हा आकडा कुठून आला? सहा दिवसांचा न्यूमोनिया, तुमच्या करारातल्या दरांनी मला थोडा जास्त वाटतोय.

ओसरी
माझ्या सासूबाईंच्या वेळी अगदी हेच झालं, म्हणून लिहिते. आदल्या संध्याकाळी बिल एक लाख दहा हजार सांगितलं. सकाळी कॅशलेस नाकारल्याचा निरोप आला आणि काउंटरवर एक लाख बत्तीस झालं. रात्रीत कुठलंही नवं औषध नाही, तपासणी नाही. विचारलं तर म्हणाले, "सिस्टिममध्ये तसंच येतं." नकाराचं वाईट वाटलं होतं, पण राग आला तो या बावीस हजारांचा. आजही आठवलं की छातीत धडधडतं.

सायंतारा
डॉक्टर, तुम्ही विचारलंत म्हणून बिल परत उघडून पाहिलं. ओसरी, तुमच्याकडे जे झालं तेच इथे झालंय.

फायनल बिल कंपनीला पाठवलं तेव्हा ते १,५८,९०० होतं. खोली आणि नर्सिंग ३८,०००, डॉक्टरांची फी २६,५००, तपासण्या ३१,२००, औषधं आणि साहित्य ६३,२००. नकार आल्यावर डेस्कवरच्या मुलाने पेशंटचा प्रकार "टीपीए" वरून "सेल्फ" केला. त्याबरोबर सॉफ्टवेअरने सगळे दर बदलले : खोली ४८,०००, फी ३४,०००, तपासण्या ४१,२००. औषधं छापील किमतीने असतात, ती तेवढीच राहिली. फरक २७,५०० चा.

आणि एक सापडलं. काल वॉर्डातून परत आलेल्या औषधांचे ३,४५० वजाच झालेले नाहीत. फार्मसी रिटर्न डिस्चार्जनंतर पोस्ट करते. कॅशलेसमध्ये ते मागाहून जुळवलं जातं, पण इथे मुलगा आज पैसे भरणार आहे.

डॉ_उंबरठा
तर मग पत्राच्या भाषेआधी आकडा नक्की करा. चुकीचा आकडा कितीही गोड शब्दांत सांगितला तरी तो चुकीचाच.

परताव्याचा प्रश्न सोपा आहे, फार्मसीला आत्ताच पोस्ट करायला सांगा. दराचा प्रश्न अवघड. करारातले दर कॅशलेससाठी असतात आणि नकारानंतर ते लागू नाहीत, असं बहुतेक रुग्णालयं धरतात. तुमच्या विमा कंपनीबरोबरच्या करारात काय आहे ते बघा. काही करारांत त्या कंपनीच्या विमेदाराला रिइम्बर्समेंटमध्येही तेच दर द्यायचे असतात. दुसरं, दाखल होताना कुटुंबाकडून जे संमतिपत्र घेतलंत त्यात "कॅशलेस नाकारल्यास सर्वसाधारण दर लागू होतील" असं वाक्य होतं का? असेल तर निदान आधी सांगितलं होतं म्हणता येईल. नसेल तर मी तरी ते २७,५०० मागितले नसते.

आणि मागणारच असाल तर पत्रात लपवू नका. "आज दुपारपर्यंतचे बिल इतके होते, आता इतके आहे, फरक याचा आहे" असं उघड लिहा.

रानवारा
करारात असो नसो, एकाच खाटेचे दोन दर हेच चुकीचं आहे. यावर मी मागे हटणार नाही.

कोरा_कागद
मला पत्रात एक गोष्ट खटकते. कंपनीचं कारण तुम्ही तुमच्या शब्दांत सांगणार का? "जुना आजार लपवला" असं रुग्णालयाच्या लेटरहेडवर आलं तर तो रुग्णालयाचाच आरोप वाचला जाईल. त्यातून तो मुलगा आजारी बापाच्या उशाशी बसून ते वाचणार.

डॉ_उंबरठा
अगदी नेमकं. कारण स्वतःच्या शब्दांत मुळीच लिहायचं नाही. नकाराचं पत्र जोडायचं आणि "कारण सोबतच्या पत्रात कंपनीच्या शब्दांत आहे" एवढंच म्हणायचं. त्या पत्रात पॉलिसीचं कुठलं कलम लावलंय तेही असायला हवं. नसेल तर तुमच्या डेस्कने आजच विचारून घ्यावं, पुढे कुटुंबाला त्याचीच गरज पडते.

आता मूळ दुखणं. दम्याची नोंद कुठून आली? कंपनीला ती स्वप्नात दिसलेली नाही, तुमच्याच केसपेपरवर असणार.

सायंतारा
हो. पहिल्या रात्री कॅज्युअल्टीत आरएमओंनी लिहिलंय, "दमा, ५ वर्षे". मुलगा म्हणतो, "मी पाच महिने म्हणालो होतो, तेही दमा नाही, खोकला. पंप चालू केला होता." पॉलिसी तीन वर्षांची आहे. मी ते पान पाहिलं, स्वच्छ "वर्षे" असंच आहे.

ओसरी
मग ते "महिने" करून घ्या ना आणि परत पाठवा. एका शब्दावरून दीड लाख!

डॉ_उंबरठा
नाही, ओसरीताई, हे कधीही करू नका. ते पान कंपनीकडे आधीच गेलेलं आहे. खाडाखोड केलेली दुसरी प्रत गेली की आधी निदान गैरसमज म्हणता येत होतं, ते आता फसवणूक ठरेल आणि रिइम्बर्समेंटचाही दरवाजा बंद होईल.

वाट वेगळी आहे. मुलाने उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटावं. बरोबर जुने कागद न्यावेत : पंप पहिल्यांदा कुणी लिहून दिला ती चिठ्ठी, आधीचे एक्स-रे, असतील ते. ते पाहून डॉक्टरांची खात्री पटली तर त्यांनी आजच्या तारखेचं वेगळं स्पष्टीकरणपत्र द्यावं. मूळ पानाला हात लावायचा नाही. खात्री पटली नाही तर द्यायचं नाही. पहिली चिठ्ठी पाच महिन्यांपूर्वीची निघाली तर मुलाची बाजू भक्कम होते. पाच वर्षांपूर्वीची निघाली तर कंपनीचं बरोबर होतं. हे तुम्हाआम्हाला इथे बसून ठरवता येणार नाही.

केसपेपरची प्रत मागायचा त्यांना हक्क आहे. मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यायची, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे.

कोरा_कागद
मग या नोंदीबद्दलही पत्रात लिहायला हवं, नाही का? मुलाला ते सगळ्यात उपयोगी आहे.

डॉ_उंबरठा
मला नाही वाटत. बिलिंगच्या पत्रात वैद्यकीय नोंदीच्या खरेखोटेपणावर अक्षरही नको, बिलिंगला तो अधिकार नाही. पत्रात फक्त "वैद्यकीय नोंदींबाबत शंका असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटावे" असं यावं. बाकीचं तोंडी.

कोरा_कागद
तोंडी सांगितलेलं त्या अवस्थेत किती लक्षात राहील? मला हे पटलेलं नाही, पण क्षेत्र तुमचं आहे.

सायंतारा
मॅनेजरांकडे जाऊन आले. संमतिपत्रात दर बदलण्याबद्दल काहीच नाही, आमचा जुना छापील फॉर्म आहे. ते आधी तयार नव्हते. मग मी दोन्ही बिलं शेजारी ठेवली आणि म्हटलं, मुलाने काल संध्याकाळचं बिल मोबाइलवर टिपलेलं आहे. या केसपुरता जुना दर ठेवायला ते कबूल झाले. पुढच्या केसेसचं काय, यावर "बघू" म्हणाले. फार्मसीने रिटर्न पोस्ट केला.

आता मसुदा असा :

> श्री. ......... यांस,
>
> आपल्या वडिलांच्या उपचारांसाठी मागितलेली कॅशलेस सुविधा विमा कंपनीने आज दुपारी ४ वाजता नाकारली आहे. दाखल झाल्यावर कंपनीने दिलेली ६०,००० रुपयांची प्राथमिक मंजुरीही तिने याच पत्राने मागे घेतली आहे. कंपनीचे पत्र सोबत जोडले आहे. नाकारण्याचे कारण त्यात कंपनीच्या शब्दांत आहे.
>
> त्यामुळे बिलाची रक्कम सध्या आपल्याला भरावी लागेल. एकूण बिल १,५८,९०० रुपये आहे. परत केलेल्या औषधांचे ३,४५० रुपये आणि आपण भरलेले २०,००० रुपये डिपॉझिट वजा करून भरायची रक्कम १,३५,४५० रुपये होते. तपशीलवार बिल सोबत आहे. काल आपल्याला दाखवलेल्या बिलातले दर बदललेले नाहीत.
>
> कॅशलेस नाकारली म्हणजे विम्याचा क्लेम संपला असे नाही. पैसे भरल्यानंतर आपल्याला कंपनीकडे रिइम्बर्समेंटचा क्लेम करता येतो. तो मंजूर करायचा की नाही, हे कंपनी ठरवते. त्यासाठी लागणारे मूळ बिल, पावत्या, डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे अहवाल आणि क्लेम फॉर्ममधला रुग्णालयाने भरायचा भाग आम्ही डिस्चार्जच्या वेळी देऊ. क्लेम करण्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते, ती कृपया पाहावी.
>
> वैद्यकीय नोंदींबाबत काही शंका असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटावे. आज पूर्ण रक्कम भरणे शक्य नसल्यास बिलिंग विभागात माझ्याशी बोलावे.

कोरा_कागद
आता हे माणसाने माणसाला लिहिलेलं वाटतं. एकच बदल. "सध्या आपल्याला भरावी लागेल" मधलं "सध्या" काढा. त्यातून वाटतं, नंतर नक्की परत मिळणार. तुम्हाला ते वचन द्यायचं नाही ना?

डॉ_उंबरठा
"सध्या" काढाच, माझ्या नजरेतून सुटलं होतं.

कागदांबद्दल थोडं. डिपॉझिटची पावती बहुतेक वेळा मुलाच्या नावावर फाडलेली असते. तिच्यावर रुग्णाचं नाव आणि आयपीडी नंबर आहे का ते आजच बघा, नाहीतर क्लेममध्ये ते वीस हजार लटकतात. फायनल बिल आणि पावत्यांची बेरीज जुळली पाहिजे. औषधांची एकत्रित ६३,२०० ची ओळ पुरत नाही, फार्मसीची तारीखवार बिलं आणि परताव्याची नोंदही द्या. पार्ट बी, म्हणजे क्लेम फॉर्ममधला रुग्णालयाचा भाग, तर सही-शिक्क्यासह आजच हातात द्या. त्यासाठी नातेवाइकांना पुन्हा पुन्हा हेलपाटे घालावे लागतात हे मी फार पाहिलंय.

रानवारा
शेवटची ओळ आवडली. पण बोलून काय होणार, तेही ठरवून ठेवा. नाहीतर तो येईल आणि तुम्ही "साहेबांना विचारते" म्हणाल.

सायंतारा
बरोबर. विचारून ठेवलं. आज निम्मे आणि उरलेले पंधरा दिवसांत, लेखी हमीवर. एवढं माझ्या सहीने होऊ शकतं.

सायंतारा
साडेसहाला पत्र दिलं, "सध्या" काढून. लिफाफ्यात घालून मुलाच्याच हातात दिलं, काउंटरवर गर्दी होती म्हणून बाजूच्या खोलीत. त्याने दोनदा वाचलं. रकमेवर काही बोलला नाही. विचारलं ते एवढंच, "मूळ बिल तुमच्याकडे ठेवून झेरॉक्स तर देणार नाही ना?" मी फाइल उघडून मूळ कागद दाखवले. डिपॉझिटची पावती खरंच त्याच्या नावावर होती, तिच्यावर रुग्णाचं नाव आणि नंबर घालून शिक्का मारून घेतला. सत्तर हजार आज भरले, उरलेले ६५,४५० पंधरा दिवसांत. आठच्या सुमारास वडिलांना घेऊन गेले. डॉक्टरांना सोमवारी भेटणार आहे. पंपाची पहिली चिठ्ठी घरी शोधतो म्हणाला.

ओसरी
सायंतारा, तुमचा तिसरा परिच्छेद वाचून एक विचारावंसं वाटलं. सासूबाईंचा क्लेम आम्ही टाकलाच नाही, संपलं असंच समजलो होतो. चार महिने झाले. आता काही होऊ शकतं?

डॉ_उंबरठा
टाका. मुदत उलटली असेल तर उशिराचं कारण लिहून सोबत जोडा आणि त्या वेळी मिळालेलं नकाराचं पत्रही जोडा. कारण टाळता न येण्यासारखं असेल तर केवळ उशिरावर बोट ठेवून क्लेम नाकारू नये, असं नियामकाने कंपन्यांना २०११ मध्येच कळवलं होतं. तुमचं कारण त्यात बसेल की नाही, मी खात्री देऊ शकत नाही. मूळ पावत्या आहेत का तुमच्याकडे?

ओसरी
एका पिशवीत आहेत सगळ्या. आज रात्री काढून बघते.